रस्ता का रखडला हे विचारू नका, कागद मागा

रस्ता कधी होणार असे गावात विचारले की उत्तरे ठरलेली असतात. पंच सांगतात, काम मंजूर झाले आहे. ज्युनियर इंजिनियर सांगतो, फाइल वर गेली आहे. चवथ जवळ आली की कुणीतरी म्हणतो, तूर्त खड्डे बुजवून घेऊ, हॉटमिक्सिंग पावसानंतर. यातले प्रत्येक उत्तर खरे असू शकते, आणि तरी रस्ता तसाच राहतो, कारण काम नेमके कुठे अडले आहे हे त्यातून कळतच नाही. ते कळायचे असेल तर फाइल पाहावी लागते. माहिती अधिकार कायदा, २००५ ही फाइल दहा रुपयांच्या अर्जावर आपल्याला दाखवतो. मात्र अर्ज कसा लिहिला आहे यावर जवळजवळ सगळे अवलंबून असते.

एक रस्ता डोळ्यांपुढे ठेवून बोलू. उदाहरण कल्पित आहे, पण असे रस्ते पुष्कळांनी पाहिले असतील. गोव्यातल्या डिचोली तालुक्यातला एक गाव. मुख्य रस्त्यावरून देवळाकडून वाड्यावरच्या शाळेपर्यंत जाणारा १.२ किलोमीटरचा, तीन मीटर रुंद डांबरी रस्ता. पाण्याची पाइपलाइन टाकण्यासाठी त्याची एक बाजू खणली, चर मातीने बुजवला आणि दोन पावसाळे गेले. माती खचली, डांबराची कड तुटली, मुलांच्या सायकली चरात जातात. दुरुस्तीचे काम 'मंजूर' आहे.

अशा वेळी राग अनावर होतो आणि अर्ज असा लिहिला जातो: 'हा रस्ता दोन वर्षे का दुरुस्त केला नाही? याला जबाबदार कोण? काम कधी पूर्ण करणार?' प्रश्न रास्त आहेत, पण या अर्जाला 'हे माहितीच्या व्याख्येत बसत नाही' असे एका ओळीचे उत्तर देता येते आणि ते कायद्याने चूकही नसते. ही गोष्ट गोव्यातच ठरली आहे. सेल्सा पिंटो विरुद्ध गोवा राज्य माहिती आयोग या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २००८ साली सांगितले की माहितीच्या व्याख्येत 'का' या प्रश्नाचे उत्तर येत नाही. एखादी गोष्ट केली किंवा केली नाही त्याचे समर्थन मागणे म्हणजे माहिती मागणे नव्हे. अधिकाऱ्याने आपल्याजवळ आहे तो कागद द्यायचा असतो. नसलेले स्पष्टीकरण आपल्यासाठी तयार करायचे त्याच्यावर बंधन नाही.

हा निकाल वाचून निराश व्हायचे कारण नाही. सरकारी खात्यात प्रत्येक 'का'च्या मागे एक कागद असतो. उशीर झाला असेल तर मुदतवाढीचा अर्ज असतो, त्यावर कुणीतरी शेरा मारलेला असतो. पैसे नसतील तर तसे टिपण असते. काहीच हालचाल झाली नसेल तर फाइलवरच्या शेवटच्या तारखेनंतर कोरी जागा असते, आणि ती कोरी जागाही पुरावाच आहे. म्हणून प्रश्न विचारायचा मोह आवरून कागदाचे नाव लिहायचे. त्यासाठी रस्त्याचे काम कोणकोणत्या कागदांतून जाते ते माहीत हवे.

आधी अंदाजपत्रक होते, म्हणजे एस्टिमेट. किती लांबी, किती रुंदी, किती जाडीचा थर, किती खर्च. त्यावर प्रशासकीय मान्यता आणि खर्चाची मंजुरी मिळते. मग तांत्रिक मंजुरी, मग निविदा, मग कंत्राटदाराला कामाचा आदेश, म्हणजे वर्क ऑर्डर. या आदेशात काम कधी सुरू करायचे आणि किती दिवसांत संपवायचे ते लिहिलेले असते. काम सुरू झाले की इंजिनियर मोजमाप पुस्तकात नोंदी करतो. खात्यात त्याला सगळे एमबी म्हणतात. बिल या एमबीवरून निघते, म्हणून माझ्या मते सगळ्या फाइलीत ते सर्वांत महत्त्वाचे पुस्तक. शेवटी काम पूर्ण झाल्याचा दाखला, आणि त्यानंतर दोष दायित्व काळ: या मुदतीत रस्ता खराब झाला तर कंत्राटदाराने तो स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायचा. किती महिने ते करारात असते.

आता लक्षात येईल की 'मंजूर झाले' या शब्दाला काही अर्थच उरत नाही. प्रशासकीय मान्यता मिळालेले कामही मंजूर, आणि वर्क ऑर्डर निघालेले कामही मंजूर. मधे वर्ष जाऊ शकते. आपल्या उदाहरणातल्या रस्त्याला आणखी एक फाटा आहे: चर खणणाऱ्या यंत्रणेने रस्ता पूर्ववत करण्याचे पैसे रस्त्याच्या खात्याकडे भरले होते का, की रस्ता तिनेच बुजवून द्यायचा होता? खणण्याच्या परवानगीच्या पत्रात ही अट असते. बऱ्याच रस्त्यांचे घोंगडे नेमके इथेच भिजत पडते, कारण दोन्ही कार्यालयांना काम दुसऱ्याचे वाटते.

अर्ज कुणाकडे द्यायचा हा पुढचा प्रश्न. गोव्यात गावातले बरेच रस्ते सार्वजनिक बांधकाम खात्याकडे, म्हणजे वर्तमानपत्रांच्या भाषेत साबांखाकडे आहेत, तर काही आतले रस्ते पंचायतीकडे. पंचायतीत जन माहिती अधिकारी म्हणजे पंचायत सचिव, आणि त्याच्यावरचे पहिले अपील गटविकास अधिकाऱ्याकडे जाते. साबांखात रस्त्याच्या विभागाचा कार्यकारी अभियंता हे काम पाहतो. कोणत्या विभागाकडे आपला तालुका आहे ते जवळच्या उपविभागीय कार्यालयात विचारले की सांगतात, आणि माहिती अधिकाऱ्याचे व अपील अधिकाऱ्याचे पद कार्यालयातल्या फलकावर असायला हवे. चुकून दुसऱ्याच सरकारी यंत्रणेकडे अर्ज गेला तरी तो फेटाळता येत नाही. कलम ६(३) प्रमाणे तिथल्या अधिकाऱ्याने तो पाच दिवसांत योग्य जागी पाठवायचा आणि तसे आपल्याला कळवायचे. तरीही आधी चौकशी केलेली बरी. पाच दिवसांचे पंधरा व्हायला वेळ लागत नाही.

भाषेबद्दल लोक उगाच घाबरतात. गोव्याची राजभाषा कोंकणी असली तरी १९८७ च्या राजभाषा कायद्याने मराठीचा वापर सरकारी कामासाठी करता येतो, त्यामुळे मराठीत लिहिलेला अर्ज चालतो. नकला मात्र ज्या भाषेत आहेत त्याच भाषेत मिळतात, आणि एस्टिमेट, एमबी, करार हे सगळे इंग्रजीत असते. भाषांतर करून द्या असे म्हणता येत नाही. म्हणून कागदांची नावे अर्जात मराठीत लिहिताना शेजारी खात्यातला रोजचा शब्दही घालावा: मोजमाप पुस्तक लिहिले की पुढे एमबी, कामाचा आदेश लिहिला की पुढे वर्क ऑर्डर. 'कळले नाही' म्हणायला जागा राहत नाही.

आणखी एक गोष्ट गोव्यात विशेष सांभाळावी लागते. कलम ३ प्रमाणे हा हक्क भारतीय नागरिकांचा आहे. पोर्तुगीज नागरिकत्व घेतलेल्या माणसाचे घर त्याच रस्त्यावर असले, ओसीआय कार्ड असले, तरी त्याच्या नावाने अर्ज करता येत नाही. घरातल्या भारतीय नागरिकाच्या नावाने करावा. तसेच अर्ज युवक मंडळाच्या किंवा वाडा समितीच्या लेटरहेडवर करू नये. एका व्यक्तीने, स्वतःच्या नावाने, सही करून द्यावा. माहिती कशासाठी हवी हे विचारायचा अधिकार कुणाला नाही. कलम ६(२) प्रमाणे पत्रव्यवहाराचा पत्ता पुरतो.

अर्ज साध्या कागदावर चालतो. आपल्या रस्त्यासाठी तो साधारण असा होईल.

> प्रति,
> जन माहिती अधिकारी,
> (कार्यालयाचे नाव व पत्ता)
>
> विषय: माहिती अधिकार कायदा, २००५ च्या कलम ६(१) खाली अर्ज
>
> मी भारतीय नागरिक आहे. (गावाचे नाव), तालुका डिचोली येथील देवळापासून प्राथमिक शाळेपर्यंतच्या सुमारे १.२ किलोमीटर रस्त्याविषयी, १ एप्रिल २०२३ पासून अर्जाच्या तारखेपर्यंतच्या काळातील पुढील कागदांच्या प्रमाणित नकला द्याव्यात.
>
> १. पाइपलाइनसाठी रस्ता खणण्याची परवानगी देणारे पत्र, त्यातील अटींसह, आणि रस्ता पूर्ववत करण्यासाठी रक्कम भरली असल्यास तिची पावती.
>
> २. दुरुस्तीचे अंदाजपत्रक (एस्टिमेट), प्रशासकीय मान्यता व खर्च मंजुरीचा आदेश, आणि तांत्रिक मंजुरी.
>
> ३. कामाचा आदेश (वर्क ऑर्डर) आणि करारातील मुदत, विलंबाची भरपाई व दोष दायित्व काळ यांसंबंधीची कलमे.
>
> ४. मुदतवाढीसाठी कंत्राटदाराने केलेले अर्ज आणि त्यांवरील आदेश.
>
> ५. मोजमाप पुस्तकाची (एमबी) या कामाची पाने आणि आजवर दिलेली बिले.
>
> ६. या कामाच्या फाइलीवरील टिपणांची (नोटिंग) पाने.
>
> वरीलपैकी एखादा कागद अस्तित्वात नसल्यास त्या क्रमांकापुढे तसे लेखी कळवावे. नकला घेण्यापूर्वी मला संबंधित फाइल पाहायची आहे, त्यासाठी तारीख व वेळ कळवावी. यातील कोणतीही माहिती दुसऱ्या यंत्रणेकडे असल्यास कलम ६(३) प्रमाणे अर्ज तिकडे पाठवावा.
>
> अर्जाचे शुल्क रु. १० भरले आहे.
>
> नाव, पत्ता, तारीख, सही

या अर्जात 'का' कुठेच नाही, पण सहा क्रमांक मिळून त्याचेच उत्तर काढतात. पहिल्या क्रमांकावर कागद आला आणि दुसऱ्यावर 'नाही' आले, तर पैसे भरले गेले आणि एस्टिमेटच झाले नाही. दुसऱ्यावर कागद आणि तिसऱ्यावर 'नाही', तर काम निविदेत अडले. तिसरा, चौथा आला तर उशीर कंत्राटदाराचा आणि त्याला मुदत देणाऱ्याचा. पाचव्यावर बिले आली आणि रस्त्यावर डांबर नाही, तर प्रकरण वेगळेच आहे. म्हणून 'कागद नसल्यास तसे कळवा' ही ओळ कधी गाळू नये. माझ्या अनुभवाने तीच सर्वांत जास्त बोलते.

रस्त्याचे वर्णन आणि कालावधी यांकडेही लक्ष द्या. 'आमच्या गावातले सगळे रस्ते, गेल्या दहा वर्षांची माहिती' असे लिहिले की अधिकारी सांगणार, माहिती गोळा करायला कार्यालयाची सगळी शक्ती खर्ची पडेल, येऊन पाहून जा. एक रस्ता, दोन टोके, एक तारीख. रस्त्याचे खात्यातले नाव गावातल्या नावापेक्षा वेगळे असते, म्हणून टोकांना देऊळ, शाळा, साकव अशा न हलणाऱ्या खुणा द्याव्यात.

शुल्काचा भाग छोटा आहे, पण मुदतीचा घोळ इथेच होतो. गोव्यात अर्जाचे शुल्क १० रुपये. ते कार्यालयात रोख भरून पावती घेणे सर्वांत सोपे. अर्जाच्या दोन प्रती न्याव्यात, आपल्या प्रतीवर इनवर्ड नंबर, तारीख आणि शिक्का घ्यावा. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क लागत नाही, दाखल्याची प्रत जोडावी लागते. नकलेला साध्या आकाराच्या पानामागे २ रुपये पडतात, नकाशासारख्या मोठ्या कागदाला प्रत्यक्ष येणारा खर्च. फाइल पाहायला पहिला तास फुकट आहे. मी तरी सांगेन, आधी पाहा, मग नकला मागा. तासाभरात कामाची पाने कोणती आणि नुसता भरणा कोणता ते कळते, आणि दीडशे पानांऐवजी चाळीस पानांत काम होते. टिपणांची पाने फाइलीच्या वेगळ्या बाजूला लावलेली असतात, ती उलटून पाहायला विसरू नये.

आता मुदत मोजू. अर्ज ३ नोव्हेंबरला इनवर्ड झाला. उत्तर तीस दिवसांत, म्हणजे ३ डिसेंबरपर्यंत यायला हवे. समजा २४ नोव्हेंबरला कार्यालयाने पत्र पाठवले की ३८ पाने आहेत, ७६ रुपये भरा. तोवर २१ दिवस झाले. पत्र निघाल्यापासून आपण पैसे भरेपर्यंतचे दिवस मोजले जात नाहीत. आपण २८ नोव्हेंबरला पैसे भरले की उरलेले नऊ दिवस तिथून धावू लागतात आणि मुदत ७ डिसेंबरला संपते. पत्र हातात येऊनही आपण महिनाभर पैसे भरले नाहीत, तर तो महिना आपलाच गेला. उलट बाजू अशी की तीस दिवस उलटून गेल्यावर कार्यालयाने पैसे मागितले तर ते द्यायचे नाहीत. कलम ७(६) प्रमाणे मुदत चुकली की माहिती फुकट द्यावी लागते. पैशांच्या पत्रात हिशेब कसा केला आणि या रकमेविरुद्ध अपील कुठे करायचे हेही लिहिलेले असले पाहिजे.

उत्तर आले पण अर्धवट, किंवा आलेच नाही, तर पहिले अपील. ते त्याच खात्यातल्या वरिष्ठ अधिकाऱ्याकडे असते, म्हणजे विभागाच्या वरचा अभियंता किंवा उत्तरात ज्याचे पद दिले आहे तो. उत्तर मिळाल्यापासून, किंवा मिळायला हवे होते त्या तारखेपासून, तीस दिवसांत ते करायचे. गप्प बसलेल्या कार्यालयाच्या बाबतीत आपल्या उदाहरणात ३ डिसेंबरपासून तीस दिवस, म्हणजे २ जानेवारी. अपिलाच्या शुल्काचा कायद्यात उल्लेख नाही. अपिलात तक्रारीचा सूर कमी आणि क्रमांक जास्त असावेत: 'क्रमांक ४ ला उत्तर नाही. क्रमांक ५ मधील एमबीची पाने दिली नाहीत, नकाराचे कारणही दिले नाही.' सोबत अर्जाची शिक्क्याची प्रत, पावती आणि आलेले उत्तर जोडायचे.

नकाराची काही उत्तरे वारंवार दिसतात. एक म्हणजे 'फाइल सापडत नाही'. कायद्यात नकाराची कारणे कलम ८ आणि ९ मध्ये दिली आहेत, आणि फाइल न सापडणे हे त्यांत नाही. अपिलात मागणी करायची की फाइल शोधण्याचा आदेश द्यावा, ती शेवटची कुणाच्या ताब्यात होती ते नोंदवहीवरून सांगावे. रस्त्याच्या कामाची फाइल एकाच कार्यालयात राहत नाही. एस्टिमेटची प्रत उपविभागात असते, मंजुरीची वरच्या कार्यालयात, बिलाची हिशेब शाखेत. हे अपिलात लिहिले की शोध लागण्याची शक्यता वाढते.

दुसरे उत्तर म्हणजे 'ही कंत्राटदाराची गोपनीय माहिती आहे'. व्यापारी गुपितांना कलम ८(१)(घ) मध्ये संरक्षण आहे हे खरे. पण काम देऊन झाल्यावर सरकारी पैशाने किती मीटर डांबर घातले, किती बिल दिले, किती मुदत वाढवली, यात कसले गुपित? आणि काही भाग खरोखर गोपनीय असेल, समजा कंत्राटदाराच्या बँक खात्याचा क्रमांक, तर तो झाकून उरलेले पान द्यायचे, असे कलम १० सांगते. अपिलात हे एक वाक्य आवर्जून घालावे.

अपील १० डिसेंबरला केले तर त्यावर ९ जानेवारीपर्यंत निर्णय व्हायला हवा. लेखी कारण देऊन तो जास्तीत जास्त २४ जानेवारीपर्यंत लांबवता येतो. सुनावणीला बोलावले तर जावे. बऱ्याचदा अभियंता तिथेच पाने काढून देतो आणि पुढचा सगळा खटाटोप वाचतो. तिथेही काही झाले नाही तर दुसरे अपील गोवा राज्य माहिती आयोगाकडे, नव्वद दिवसांत. नव्वद दिवस ९ जानेवारीपासून मोजले तर ९ एप्रिलच्या आत दाखल करणे सुरक्षित. आयोगाने किती दिवसांत निकाल द्यायचा याला कायद्यात मर्यादा नाही, म्हणून पहिल्या अपिलातच होईल तितके मिळवावे.

इथे एक चूक टाळावी. आयोगाकडे कलम १८ खाली तक्रारही करता येते, आणि रागाच्या भरात लोक अपिलाऐवजी तीच करतात. पण २०११ साली मणिपूरच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की कलम १८ च्या तक्रारीवरून आयोग माहिती द्यायचा आदेश देऊ शकत नाही. माहिती हवी असेल तर कलम १९ चे अपीलच. मुदतीत माहिती न देणाऱ्या अधिकाऱ्याला आयोग दंड करू शकतो: दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० रुपये. तो अधिकाऱ्याला भरावा लागतो, आपल्याला मिळत नाही. उशीर किंवा नकार योग्य होता हे सिद्ध करायची जबाबदारी मात्र अधिकाऱ्यावर असते.

आता समजा आपल्या रस्त्याचे ३८ कागद हाती आले. ते गठ्ठ्यासारखे वाचू नयेत. एका कोऱ्या पानावर फक्त तारखा लिहून काढाव्यात. आपल्या कल्पित फाइलीत असे निघते: रस्ता पूर्ववत करण्याचे पैसे आधीच भरलेले. काम सुरू करायची तारीख १२ फेब्रुवारी. मुदत नव्वद दिवस, म्हणजे १३ मे. मुदतवाढीचा पहिला अर्ज २० जूनचा, कारण 'जोरदार पाऊस'. त्यावर शेरा, 'मान्य'. बिल एकही नाही.

गोव्यात मान्सून साधारण जूनच्या पहिल्या आठवड्यात येतो. काम १३ मेला संपायला हवे होते. म्हणजे पावसाचे कारण ज्या काळासाठी दिले आहे त्याच्या आधीच मुदत संपली होती, आणि अर्जही मुदत संपल्यावर पाच आठवड्यांहून जास्त काळाने आला. फेब्रुवारी ते मे हे तर हॉटमिक्सिंगचे खरे दिवस. या तीन महिन्यांत काम का झाले नाही हा प्रश्न आता आपल्याला 'का' म्हणून विचारायची गरज उरत नाही. कागद एकमेकांशेजारी ठेवले की पुरे.

कागद मिळाले म्हणून रस्ता होत नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. माहिती अधिकाऱ्याला डांबर घालायचा आदेश कुणी देऊ शकत नाही, आयोगही नाही. पुढचे पत्र माहिती अधिकाराचे नसते. ते कार्यकारी अभियंत्याला लिहिलेले साधे निवेदन असते, दोन परिच्छेदांचे, वर काढलेल्या तारखांसह. त्यात ठोस मागणी हवी: सुधारित मुदत कोणती ते लेखी कळवावे, करारातले विलंब भरपाईचे कलम लावावे, आणि पुढच्या पावसाआधी चर तरी खडी दाबून, वर डांबर घालून बंद करावा. त्याच कागदांच्या प्रती ग्रामसभेत ठेवाव्यात आणि तिथे झालेली चर्चा इतिवृत्तात लिहून घ्यावी. सरपंचांनी आणि आमदारांनी पत्र दिले तर त्यालाही आता तारखांचा आधार असतो. 'मंजूर झाले आहे' म्हणून विषय संपवता येत नाही.

फाइलीत बिले असती तर वाट वेगळी झाली असती. मग एमबीची पाने आणि मीटर टेप घेऊन रस्त्यावर जायचे. एमबीत १,२०० मीटर लांबी आणि ३.५ मीटर रुंदी लिहिली आहे, टेपने सगळीकडे ३ मीटरच भरते, असे निघाले तर अर्धा मीटर गुणिले १,२०० म्हणजे ६०० चौरस मीटर डांबर कागदावरच आहे. पण एका जागी मोजून आरोप करू नये. वळणावर, फाटा फुटतो तिथे आणि बस वळते तिथे रस्ता मुद्दाम रुंद घेतलेला असतो, आणि कडेची झाडी डांबरावर आलेली असते. प्रत्येक शंभर मीटरवर मोजावे, तारखेसह फोटो घ्यावा, एमबीत चेनेज, म्हणजे रस्त्याच्या सुरुवातीपासूनचे अंतर, दिले असेल तर त्याच जागी मोजावे. शिवाय कलम २(ञ) मध्ये एक हक्क आहे जो फार कमी लोक वापरतात: कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचा प्रमाणित नमुना घेण्याचा. काम चालू असताना अर्ज केला तर वापरलेल्या डांबरी मिश्रणाचा नमुना मागता येतो. थर घालून, रोलर फिरवून झाल्यावर हा हक्क कागदोपत्रीच उरतो. त्यामुळे ज्या गावात काम पुढच्या महिन्यात सुरू होणार आहे, तिथे अर्ज आजच लिहावा.

निवेदनाला उत्तर आले नाही तर महिनाभराने दुसरा माहिती अर्ज करायचा, अगदी छोटा. 'माझ्या अमुक तारखेच्या, अमुक इनवर्ड नंबरच्या निवेदनावर केलेल्या कार्यवाहीची टिपणे. १३ मेनंतर या कामात विलंब भरपाईपोटी कापलेल्या रकमेचा आदेश, असल्यास.' दोन ओळी आणि दहा रुपये. हा दुसरा अर्ज टेबलावर येतो तेव्हा पहिल्या अर्जाची फाइल त्याच कपाटातून पुन्हा बाहेर काढावी लागते, आणि या खेपेला तिच्यावर काहीतरी लिहावे लागते.